शेडऐवजी शाळा: खरीपपूर्व बैठकीच्या प्रकल्प नोंदी

२० मे, मंगळवार

खरीपपूर्व बैठक ठरली. पुढच्या मंगळवारी, २७ मेला, सकाळी साडेदहा वाजता, पाटीवरच्या, म्हणजे एसटी थांबते त्या फाट्यावरच्या, उपबाजाराच्या लिलाव शेडमध्ये. औसा तालुक्यातल्या तेरणाकाठच्या १४ गावांतून दीडशेच्या पुढं माणसं यावीत असा अंदाज आहे. विषय दोनच: घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण आणि रुंद वरंबा सरी यंत्रानं पेरणी. प्रत्येकानं गोणपाटावर १०० दाणे लावून, किती उगवले ते मोजून यायचं. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलोच्या हिशोबानं पेरायचं, कमी उगवले तर बियाणं वाढवायचं की बदलायचं ते बैठकीत ठरवू.

पत्रक चित्राच्या रूपात सगळ्या गावांच्या व्हॉट्सॲप गटांत टाकलं आणि सात दिवसांसाठी पिन केलं.

२६ मे, सोमवार, दुपार

साडेचारला शेडवरून फोन. अवकाळीचा मारा थांबत नाही म्हणून व्यापाऱ्यांनी उघड्यावरची तूर आणि हरभऱ्याची पोती आत ओढलीत. थप्प्या पत्र्यापर्यंत गेल्यात. माल भिजू देणं शक्य नाही, त्यामुळं तक्रारीला जागाच नाही.

बैठक पुढं ढकलायची की जागा बदलायची, एवढाच प्रश्न. ढकलली तर विद्यापीठाचे शास्त्रज्ञ परभणीहून पुन्हा कधी येतील ते सांगता येत नाही, आणि पेरणी यंत्र आपल्याला उद्याच्या दिवसापुरतंच मिळालंय. शिवाय लोकांनी गोणपाटावर दाणे लावलेत. उगवलेले दाणे आठवडाभर ठेवता येत नाहीत, ते सडतात आणि मोजणी वाया जाते. म्हणून बैठक उद्याच, जागा दुसरी.

पाटीपासून दोन किलोमीटरवरच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. उन्हाळी सुटी असल्यानं वर्ग रिकामे आहेत. दोन वर्गांमधली फळ्यांची भिंत सरकवली की शंभर-सव्वाशे माणसं बसतात, बाकीची व्हरांड्यात. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, दोघांशीही फोनवर बोलणं झालं. अर्ज सकाळी हातात देते. किल्ली शाळेशेजारच्या घरात असते, ती आजच रात्री ताब्यात घ्यायची. नव्या जागेची घोषणा करून सकाळी कुलूप बघत उभं राहण्याइतकं वाईट दुसरं काही नाही, म्हणून किल्ली हातात येईपर्यंत कुणालाही निरोप द्यायचा नाही असं ठरवलं. पावणेसहाला किल्ली मिळाली.

२६ मे, संध्याकाळ

आधी यादी केली, ती शेतकऱ्यांची नाही. चुकून शेडवर गेले तर ज्यांच्यामुळं बैठकच अडेल, अशा लोकांची. यंत्र घेऊन येणारा ट्रॅक्टरवाला, साउंडवाला, पोहे आणि चहा देणारे, आणि शास्त्रज्ञांची गाडी चालवणारा. साहेबांना निरोप देऊन भागत नाही, कारण नकाशावरचा जुना ठिपका ड्रायव्हरच्या फोनात असतो. ते पहाटेच निघणार, म्हणून ड्रायव्हरशी फोनवर थेट बोलले आणि जुना ठिपका बोलता बोलताच पुसायला लावला.

नव्या ठिकाणाचा ठिपका शाळेच्या फाटकात उभं राहून ‘सध्याचं ठिकाण’ म्हणून पाठवला. नाव टाकून शोधलेला ठिपका पाठवायचा नाही, यामागं कारण आहे. हे गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेलं आहे. लातूर आणि धाराशिवच्या या पट्ट्यात अशी ५२ गावं हलली. जुनं गावठाण रिकामं झालं, पण लोकांच्या बोलण्यातून गेलं नाही. तिथं शेतं आहेत, मारुती आहे, आणि ‘शाळेचं पटांगण’ म्हटलं की साठी ओलांडलेल्या माणसाला आजही तिथलंच पटांगण आठवतं. फोनातल्या नकाशातही गावाचं नाव टाकल्यावर ठिपका कधी इकडं पडतो, कधी तिकडं. म्हणून निरोपात नुसतं ‘जिल्हा परिषद शाळा’ लिहून चालणार नव्हतं. आजूबाजूच्या गावांतली माणसं ज्या खुणेनं जागा ओळखतात ती खूण हवी: नवं गाव, पाण्याच्या उंच टाकीखालची शाळा.

यानंतर मजकूर. पहिला मसुदा आपल्या गटातल्या एका मुलानं केला होता: ‘लिलाव शेडमधील बैठक रद्द करण्यात आली असून ती आता…’ असा. तो पाठवण्याआधी किल्ली ठेवणाऱ्या मावशींना वाचून दाखवला. ‘रद्द’ ऐकल्याबरोबर त्या म्हणाल्या, “मग उद्या काय नाही म्हणा.” पुढची ओळ त्यांच्या कानावर पडलीच नाही. जागा बदलल्याचा निरोप दोन प्रकारे फसतो. माणूस जुन्या जागी जातो, किंवा घरीच राहतो. आपण पहिल्याच्या धास्तीत असतो आणि ‘रद्द’ लिहून दुसरं ओढवून घेतो. शब्द काढून टाकला. सहा वाजता गेलेला मजकूर असा:

> जागा बदलली. बैठक होणार आहे.
> मंगळवार, २७ मे, सकाळी १०:३०. दिवस आणि वेळ तीच.
> नवी जागा: जिल्हा परिषद शाळा, नवं गाव, पाण्याच्या उंच टाकीखाली. (जुन्या गावठाणात नाही.)
> पाटीवरच्या लिलाव शेडमध्ये जाऊ नका. तिथं माल भरला आहे.
> एसटीनं येणाऱ्यांनी पाटीवरच उतरायचं. तिथून शाळेपर्यंत टमटम आहे, पैसे द्यायचे नाहीत.
> हा निरोप सोमवार, २६ मे, सायंकाळी ६ वाजता दिला. याच्यानंतर शेडचं पत्रक तुमच्याकडं आलं तर ते जुनं आहे.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक निरोपांत नेमकी तीच नसते. व्हॉट्सॲपवर एखादी गोष्ट पुढं पाठवली की तिच्याखाली पुढं पाठवल्याची वेळ दिसते, मूळ कधी लिहिली ते दिसत नाही. वीस तारखेचं पत्रक कुणी उद्या सकाळी सात वाजता भाबडेपणानं पुढं ढकललं, तर वाचणाऱ्याला तेच ताजं वाटणार आणि आपला आज सहाचा निरोप शिळा. म्हणजे निरोपाचं वय फोन सांगत नाही, निरोपातच लिहावं लागतं.

जुनं पत्रक मागं घेता येईल का तेही पाहिलं. ‘सर्वांसाठी हटवा’ची मुदत साधारण अडीच दिवस आणि मजकूर सुधारण्याची १५ मिनिटं. पत्रक सहा दिवसांचं. आणि हटवता आलं असतं तरी लोकांनी पुढं पाठवलेल्या प्रती जागच्या जागी राहतात. हातात होतं एवढंच: प्रत्येक गटात पिन केलेलं जुनं पत्रक उतरवून नवा निरोप पिन करणं. हे विसरलं जातं. गटाच्या माथ्यावर शेड आणि खाली गप्पांत कुठंतरी शाळा, असं असलं तर लोक माथ्यावरचंच वाचतात.

पत्रकाच्या चित्रावर लाल फुली मारून तेही फिरवलं. फुली शेडच्या नावावर, आणि तिच्याशेजारी मोठ्या अक्षरात ‘शाळेत या’. मुलाला अख्ख्या पत्रकावर तिरका शिक्का हवा होता, तो नको म्हटलं. कारण वरचंच: तो ‘रद्द’सारखा वाचला जातो.

२६ मे, रात्री नऊ

ब्रॉडकास्ट यादीतूनही निरोप गेला होता, पण त्यावर विसंबून उपयोग नाही. ज्यांच्या फोनात माझा नंबर जतन केलेला नाही त्यांना तो पोचतच नाही, आणि असे कितीतरी आहेत. गटात अंगठे भराभर आले. अंगठ्यावरून एवढंच कळतं की माणसानं काहीतरी पाहिलं.

म्हणून प्रत्येक गावच्या एकेका माणसाला फोन. सांगायचं कमी, विचारायचं जास्त. “निरोप मिळाला का?” याला उत्तर ‘हो’च येतं. त्याऐवजी विचारलं, “उद्या तुमच्या गावची माणसं कुठं उतरणार, आणि तिथून कुठं जाणार?” नव्या जागेचं नाव समोरच्याच्या तोंडून आलं तरच त्या गावासमोर खूण.

बहुतेकांनी पहिल्या दमात बरोबर सांगितलं. तीन फोन लिहून ठेवण्यासारखे.

नदीकाठच्या एका गावचे तात्या म्हणाले, “शेडात नाही म्हणलालेत, म्हणून आम्ही आता गप बसलाव.” त्या गावात सोमवारचा बाजार. बाजारात निरोप तोंडोतोंडी फिरला आणि फिरता फिरता त्याची मागची शेपटी गळाली. ‘शेडात नाही, शाळेत आहे’चं ‘शेडात नाही’ झालं, आणि घरी जाईपर्यंत ‘बैठक नाही’. तात्यांना सांगितलं, आता एकच वाक्य पसरवा: ‘उद्या साडेदहाला टाकीखालच्या शाळेत.’ नकार त्यात नकोच. नकार असलेलं वाक्य अर्धं तुटलं की उलटं होतं, हे अर्धं तुटलं तरी शाळा तरी उरते.

दुसऱ्या गावात आमचे संपर्काचे अण्णा म्हणाले, “शाळेत, माहिताय की. गावठाणातल्या ना?” कंसातली ओळ त्यांनी वाचली नव्हती. लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं कंस म्हणजे खुलासा, वाचणाऱ्याच्या दृष्टीनं तो सोडून द्यायचा भाग. पुढच्या फोनांत मी ‘शाळा’ शब्दाआधी ‘टाकी’ आणला. टाकी एकच आहे, ती जुन्या गावात नाही.

तिसऱ्या गावात फोन लागलाच नाही. विजेनं टॉवर गेलेला. तिथल्या कोतवालांचे मेहुणे शेजारच्या गावात राहतात, त्यांनी मोटारसायकलवर निरोप नेला. तोंडी न देता चिठ्ठीवर लिहून दिला, तोच वरचा मजकूर. साडेनऊला चिठ्ठीमागं कोतवालांची सही घेऊन ते परत आले. सही मागितलेली नव्हती, पण बरं वाटलं.

भोंग्यावरून सांगण्यासाठी मजकूर वेगळा केला. कागदावर जुनी जागा लिहावीच लागते, कारण ती मनात धरून बसलेला माणूस वाचताना तीच शोधत असतो. भोंग्याचं तसं नाही. चूल पेटवताना, धार काढताना माणसाच्या कानावर मधलेच दोन शब्द पडतात. ते दोन शब्द ‘लिलाव शेड’ असले तर तो तिकडंच निघणार. म्हणून भोंग्यावर जुन्या जागेचं नाव उच्चारायचंच नाही: “सोयाबीनची बैठक उद्या साडेदहाला, नव्या गावात, टाकीखालच्या शाळेत. टाकीखालच्या शाळेत.” रात्री एकदा आणि सकाळी सातला एकदा. ज्या दोन गावांत अजून दवंडी आहे तिथं कोतवालांनाही हेच वाक्य दिलं.

२७ मे, मंगळवार, सकाळ

सहा पन्नासला एका गटात जुनं पत्रक आलं. वर लिहिलेलं: ‘आज सर्वांनी उपस्थित राहावे.’ पाठवणारे उत्साही आणि मान असलेले गृहस्थ. गटात त्यांना दुरुस्त करून अपमान करायचा नव्हता. फोन केला, त्यांनी स्वतःच ते काढलं आणि नवा निरोप टाकला. दुरुस्ती त्यांच्याच नावानं गेल्यानं ज्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवून जुनं वाचलं होतं त्यांनी नवंही वाचलं. मी खाली लिहिलं असतं तर दोन परस्परविरोधी निरोप आणि वाद, एवढंच झालं असतं.

आठला दोन फलक लावले. एक शेडच्या दारावर, पण त्याचा भरवसा कमी, कारण दारापर्यंत आलेला माणूस आधीच चालून थकलेला असतो. दुसरा पाटीवर, एसटी थांबते तिथं, बाणासकट. पावसात कागद टिकत नाही, म्हणून खताच्या रिकाम्या गोणीच्या पांढऱ्या बाजूवर ऑइलपेंटनं लिहिलं. बाण लावल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालत येऊन पाहिलं. लातूरकडून आलेल्याला तो उजवीकडं दाखवत होता आणि उमरग्याकडून आलेल्याला गोणीची नुसती पाठ दिसत होती. मग तिच्या पाठीवरही बाण काढला, उलट दिशेचा.

फलकापाशी माणूस हवाच. टमटमवाल्याला तिथं नऊपासून उभं केलं आणि सोबत गटातला एक मुलगा. त्यांना सांगितलं, कुणी विचारायची वाट बघू नका. हातात गोणपाटाची गुंडाळी असलेला माणूस दिसला की आपलाच, त्याला बसवा. गुंडाळी इतकी सोपी ओळख ठरेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

२७ मे, साडेदहा ते साडेबारा

शास्त्रज्ञांची गाडी सव्वादहाला थेट शाळेत आली. ट्रॅक्टरही वेळेत. यंत्र चालवून दाखवायला शेजारच्या रानात न्यायचं होतं, पण काळी माती ओली, चाकं रुततील म्हणून पटांगणावरच फाळातलं अंतर आणि बियाण्याच्या तबकड्या बदलून दाखवल्या.

साडेदहाला वर्गात साठ-सत्तर माणसं होती. काहींचा आग्रह होता की सुरू करा, कितीदा थांबायचं. पंधरा मिनिटं थांबलो. जागा बदललेल्या बैठकीत उशिरा येणारे आळशी नसतात, ते जुन्या जागेवरून फिरून येत असतात. पहिला विषय उगवणीच्या मोजणीचा होता, तोही मागं घेतला आणि आधी यंत्राच्या भाड्याचं बोलणं काढलं, म्हणजे उशिरा आलेल्यांचं महत्त्वाचं काही हुकू नये.

पाटीवरच्या माणसांना दहा वाजताच हलवायचा मोह होता, कारण टमटम पाण्याचे जार आणायला हवी होती. ती हलवली नाही, जार मोटारसायकलवर दोन खेपांत आले. साडेअकराच्या एसटीनं नदीकाठच्या गावचे चारजण उतरले. त्यांना सोडूनच मुलगा वर आला. जुन्या जागेवरचा माणूस बैठकीच्या वेळेला उठवायचा नाही, पाटीवरची शेवटची सोयीची एसटी येऊन गेली की उठवायचा, असं आता लिहूनच ठेवलंय.

२८ मे, बुधवार

हजेरीपत्रकात काल एक जादा रकाना केला होता: ‘जागा बदलल्याचं कुणाकडून कळलं?’ एकूण १४२ सह्या. सर्वाधिक उत्तरं ‘गावातल्या माणसानं सांगितलं’ अशी, त्याखालोखाल व्हॉट्सॲप, मग भोंगा. ११ जणांसमोर ‘पाटीवर कळलं’ आहे, म्हणजे ते जुन्या जागी निघाले होते आणि टमटमनं त्यांना उचललं. शेडच्या दारापर्यंत दोघंच गेले, तेही मोटारसायकलवरून मागच्या कच्च्या वाटेनं आल्यानं पाटी त्यांना लागलीच नाही. दारावरच्या फलकाला मी कमी लेखत होते, त्या दोघांना त्यानंच शाळेचा रस्ता दाखवला. फलक तिथंही ठेवायचा.

गावठाणात कुणी गेलं का ते खास विचारलं. शेळ्या चारणाऱ्या एका मामांनी सांगितलं की दोन म्हातारे तिथं मारुतीपुढं बसून होते, मग मामांनीच त्यांना टाकी दाखवून इकडं धाडलं. त्या दोघांच्या सह्या हजेरीत आहेत, कोणत्या गावचे तेही आहे: कंस न वाचलेल्या अण्णांच्याच गावचे. फोनवर दुरुस्त केल्यावर अण्णांनी स्वतः बरोबर जागा पाठ म्हटली होती. त्यांनी पुढं ज्यांना सांगितलं त्यांच्याकडून मात्र ती म्हणवून घेतलेली नव्हती.

जे आलेच नाहीत त्यांचा हिशोब अजून बाकी. पाऊस, लगीनसराई आणि ‘बैठक नाही’ असं ऐकणं, यातलं कुणाचं काय, ते गावोगाव विचारूनच कळेल. तात्यांच्या गावातून पंधराची अपेक्षा होती, सहा आले. तिथं शुक्रवारी जाऊन उगवणीची मोजणी पारावरच घेते. त्यांना तसं कळवलंय, आणि तात्यांनी फोनवर न विचारता स्वतःच म्हणून दाखवलं: “शुक्रवारी, सकाळी आठला, मारुतीच्या पारावर.”

पुढच्या पत्रकांसाठी एकच बदल केला. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात ‘पत्रक पहिलं, २० मे’ असं लिहून जायचं, बदल झाला की ‘पत्रक दुसरं’. जागा बदलली नाही तरीही. टमटमचे आणि साउंडचे पैसे दिले, शाळेची किल्ली मावशींकडं परत, फळ्यांची भिंत पूर्वीसारखी लावली. पाटीवरचा आणि शेडवरचा, दोन्ही फलक आज दुपारी काढून आणले. ते तिथं राहिले असते तर पुढच्या आठवड्यात तूर विकायला आलेला एखादा माणूस शाळेत जाऊन बसला असता.